काकूची न भरणारी जखम आणि सेल्येचे उंदीर

1995 साली अमेरिकेत ओहायोमधे एक अभ्यास छापून आला, त्यात बायकांच्या हाताला मुद्दाम जखम केली होती. जखम म्हणजे फार काही नाही, कातडीची बायोप्सी घेतात ना तसा गोल पंच, साडेतीन मिलिमीटरचा, ज्वारीच्या दाण्याएवढा. 13 बायका अशा होत्या ज्या घरातल्या डिमेन्शिया झालेल्या माणसाचं सगळं करत होत्या, म्हणजे भरवणं, धुणं, रात्री उठून बघणं. आणि दुसऱ्या 13 त्यांच्याच वयाच्या, साधारण तेवढ्याच उत्पन्नाच्या, पण घरात असं कुणी आजारी नाही. सगळ्या साठीच्या आसपासच्या. मग जखमेचे फोटो काढत राहायचे आणि तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून बघायचं. जखम उघडी असेल तर फेस येतो, लहानपणी गुडघा फुटल्यावर सगळ्यांनीच बघितलाय तो. ज्या दिवशी फेस यायचा थांबला त्या दिवशी जखम भरली असं धरायचं. आजाऱ्याचं करणाऱ्या बायकांना सरासरी 48.7 दिवस लागले, बाकीच्यांना 39.3. नऊ दिवसांचा फरक, तोही एवढ्याशा भोकाला.

मी नर्सिंगच्या पोरींना फिजिऑलॉजी शिकवते आणि स्ट्रेसचा टॉपिक आला की सुरुवात ह्याच अभ्यासाने करते. कारण 'ताणाचा शरीरावर परिणाम होतो' असं नुसतं म्हटलं की पोरी माना डोलवतात आणि वहीत लिहून घेतात, पुढे काही नाही. फेस म्हटलं की वर बघतात. जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर ही सायकॉलॉजिस्ट आणि तिचा नवरा रोनाल्ड ग्लेझर, तो इम्युनॉलॉजीतला, दोघं ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतले, दोघांनी मिळून हे काम कित्येक वर्षं केलं. नवरा-बायको घरी जेवताना काय बोलत असतील देव जाणे.

पण ह्या अभ्यासाकडे मी नीट बघायला लागले ते आमच्या कऱ्हाडच्या काकूमुळे. काकांना डिमेन्शिया. काकू सहासष्ट वर्षांची. एका रात्री काकांना बाथरूमला नेताना लोखंडी कॉटचा कोपरा तिच्या नडगीला लागला आणि सोललं. हळद लावली, मग मलम लावलं, मग गल्लीतल्या डॉक्टरांकडे ड्रेसिंग. आठवडे गेले तरी कडा तशाच, मधे ओलं, खपली धरायची आणि परत निघायची. मी सुट्टीत गेले तेव्हा तिनं साडी जरा वर करून दाखवली आणि लगेच म्हणाली, "माझं काय गं, ह्यांचं बघ आधी, आज सकाळपासून काही खाल्लं नाही त्यांनी."

आता ह्या जखमेवर येण्याआधी सेल्येकडे जावं लागेल.

हान्स सेल्ये. जन्म 1907 चा, व्हिएन्नाचा, डॉक्टरकीचं शिक्षण प्रागमधे, आणि 1930 नंतरच्या वर्षांत कॅनडात मॉन्ट्रियलला मॅकगिल युनिव्हर्सिटीत काम करत होता. ओव्हरीचा अर्क काढून उंदरांना टोचायचा, त्याला एखादं नवीन हार्मोन सापडवायचं होतं. पांढरे लॅबचे उंदीर, आपल्या मोरीतले नाही. उंदीर फाडून बघितले तर तीन गोष्टी दिसल्या. किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या झालेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आणि लिम्फ नोड्स आक्रसलेल्या, आणि पोटात अल्सर. गडी खूश, नवीन हार्मोन सापडलं! मग दुसऱ्या अवयवांचे अर्क टोचून बघितले तर तेच. अर्क जेवढा अशुद्ध तेवढा परिणाम जास्त, हे तर उलटंच झालं. शेवटी वैतागून फॉर्मॅलिन टोचलं, जे हार्मोन असण्याचा काही संबंधच नाही, तरी तेच तिन्ही, उलट जास्तच. दुसरा कुणी असता तर तिथेच गुंडाळून घरी गेला असता. सेल्येनं विचार केला की अर्कात काही नाहीये, हे उंदराचं उत्तर आहे, काहीही त्रास दिला तरी एकच उत्तर. मग त्यानं थंडीत ठेवून बघितलं, ऑपरेशन करून, दमेपर्यंत पळवून, मॉर्फिन आणि अ‍ॅट्रोपिन देऊन बघितलं. सगळीकडे तीच तीन लक्षणं. 4 जुलै 1936 च्या 'नेचर'मधे त्याचं एक छोटंसं टिपण छापून आलं, पान भरेल एवढंही नाही, आणि आज आपण जनरल अ‍ॅडाप्टेशन सिंड्रोम म्हणतो त्याचा पाया तिथे आहे.

त्या टिपणात तीन टप्पे सांगितलेत. पहिला, त्रास सुरू झाल्यापासून साधारण 6 ते 48 तास, ह्याला पुढे अलार्म म्हणायला लागले. थायमस झपाट्याने लहान होते, पोटात जखमा, अंगाचं तापमान उतरतं. दुसरा 48 तासांनंतर, अ‍ॅड्रिनल मोठ्या होतात, शरीराची वाढ थांबते, पिल्लांना पाजणाऱ्या मादीचं दूध आटतं. म्हणजे शरीर आत्ता गरज नसलेले खर्च बंद करून टाकतं. आणि इथे त्यानं एक वाक्य लिहिलंय जे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. त्रास थोडा थोडा पण चालूच ठेवला तर ह्या दुसऱ्या टप्प्याच्या शेवटाला उंदराचे अवयव दिसायला आणि कामाला जवळजवळ नॉर्मल होतात. म्हणजे त्या वेळी फाडून बघितलं तर म्हणाल, काही झालेलंच नाही, रुळलाय गडी. आणि त्याच त्रासावर, तो वाढवलेला नसताना, एक ते तीन महिन्यांत तोच उंदीर कोसळतो आणि पहिल्या टप्प्याची लक्षणं परत येऊन मरतो. हा तिसरा टप्पा, एक्झॉशन.

मला सगळ्यात भीती वाटते ती ह्या मधल्या टप्प्याची. काकांचं निदान झालं तेव्हा काकूची जी अवस्था झाली होती ती कुणालाही दिसत होती, छातीत धडधड, रात्र रात्र जागी, सारखी अ‍ॅसिडिटी, बारा किलोची गोणी उचलणारी बाई भाजीची पिशवी धरून बसायची. तेव्हा सगळे धावून आले. मग काही महिन्यांनी तिची घडी बसली. चारला उठायची, काका उठायच्या आत स्वैपाक उरकायची, दाराला वरच्या बाजूला दुसरी कडी लावून घेतली कारण खालची ते उघडून रस्त्यावर जायचे. आणि सगळे पाहुणे म्हणायला लागले, काकू म्हणजे ना, कमाल आहे, थकतच नाही बाई. मदतीला आलेले आपापल्या घरी गेले. आपल्याकडे अशा बाईचं कौतुक करून तिला तिथेच सोडून द्यायची पद्धतच आहे, मीही त्यातलीच.

बरं, आत काय चालू असतं? मेंदूत हायपोथॅलॅमस, तो खालच्या पिट्युटरी ग्रंथीला एक हार्मोन पाठवतो, पिट्युटरी रक्तात एसीटीएच नावाचं दुसरं हार्मोन सोडते, ते अ‍ॅड्रिनलच्या वरच्या थराला जाऊन भिडतं आणि तिथून कॉर्टिसोल निघतं. कॉर्टिसोल हे काही खलनायक नाही हो, रील्सवाल्यांनी त्याची फार बदनामी केलीये. सकाळी आपण उठतो ते त्याच्या जोरावर, पहाटेपासून चढतं, मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यात कमी. ते रक्तातली साखर वाढवतं, ब्लडप्रेशर टिकवतं, आणि इम्युन सिस्टीमला आवर घालतं. हे शेवटचं महत्त्वाचं. सूज येणं, लाल होणं, ताप येणं ही आपल्याच पेशींची कामं आहेत आणि ती वेळेत थांबवली नाहीत तर आपलंच नुकसान. म्हणून कॉर्टिसोल पांढऱ्या पेशींच्या आत शिरून त्यांना सांगतं, आयएल-1, आयएल-6 असले निरोप पाठवणं कमी करा.

ह्याच कामासाठी डॉक्टर बाहेरून स्टिरॉइड देतात. 2020 मधे कोविडमधे ऑक्सिजनवरच्या पेशंटना डेक्सामेथासोनने जीवदान मिळालं ते ह्याचमुळे, आणि 2021 मधे महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसनं जे थैमान घातलं त्यात अनियंत्रित शुगर आणि गरजेपेक्षा जास्त दिलेलं स्टिरॉइड ह्यांचा मोठा हात होता. दुसऱ्या लाटेत ज्यांनी हॉस्पिटलं बघितलीत त्यांना कॉर्टिसोलच्या जातीतलं औषध इम्युनिटीचं काय करू शकतं हे पुस्तकातून शिकायची गरज नाही.

आता जखमेचं. कातडी कापली की पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठतं, मग दोन-चार दिवस सूज, आणि ही सूज हवी असते. तिथल्या पेशी आयएल-1 सारखे निरोप सोडतात, त्यावरून न्यूट्रोफिल येतात, मग मॅक्रोफेज येतात, ह्या दोन्ही पांढऱ्या पेशीच, घाण साफ करतात आणि नवीन ऊती विणणाऱ्या फायब्रोब्लास्टना बोलावतात. पुढचं भरण्याचं काम आठवडे चालतं पण त्याची सुरुवात ह्या पहिल्या दिवसांतल्या हाकेवर अवलंबून. ओहायोच्या बायकांच्या पांढऱ्या पेशी काढून त्यांना प्रयोगशाळेत डिवचलं तर आयएल-1 तयार करण्याची त्यांची हालचाल कमी होती. म्हणजे हाकच बारीक, त्यामुळे माणसं उशिरा जमणार, काम उशिरा सुरू होणार.

त्याच लोकांनी पुढे डेंटलच्या विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला, 1998 मधे छापून आला. तोंडात टाळ्याला तेवढाच पंच, एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी, त्याच पोरांना, म्हणजे तुलना स्वतःशीच. अकरा पोरं. परीक्षेच्या वेळी जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, सुमारे 40 टक्के उशीर. अकराच्या अकरांना उशीर झाला. तरुण, निरोगी, फक्त परीक्षा. लहान अभ्यास आहे, हे मान्य. तरी अकरापैकी एकही अपवाद नाही हे मला अजून चक्रावून टाकतं.

थायमसचं एक सांगून टाकते, विषय थोडा वाकडा जाईल पण जाऊदे. सेल्येच्या तीन लक्षणांतलं दुसरं, आक्रसलेली थायमस. छातीच्या हाडामागे असते, टी-पेशी तिथे शिकून तयार होतात, लहान मुलात मोठी आणि वयाप्रमाणे विरघळत जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत डॉक्टरांना शवविच्छेदनासाठी मिळायची ती बहुतेक गरिबांची प्रेतं, उपाशी राहून, महिनोन् महिने आजारी पडून गेलेली. त्यांची थायमस छोटी. त्यावरून पुस्तकात लिहिलं गेलं की थायमस एवढीच असते. मग चांगलं खातंपितं बाळ झोपेत अचानक गेलं की त्याची थायमस मोठी दिसायची आणि निष्कर्ष निघायचा की ह्या मोठ्या थायमसनेच श्वासनळी दाबली. मग उपाय म्हणून हजारो निरोगी बाळांच्या छातीवर एक्स-रेचा मारा केला, आणि पुढे त्यातल्या अनेकांना थायरॉइडचा कॅन्सर झाला. आजारी शरीराला नॉर्मल समजलं की असं होतं. मेलेल्यांची ताणाने आक्रसलेली थायमस हाच त्या पुस्तकांमधला नॉर्मल आकार होऊन बसला होता.

परत तिसऱ्या टप्प्यावर. सेल्येला वाटायचं की प्रत्येकाला जन्मतः काही एक जुळवून घेण्याची शक्ती मिळालेली असते, ती वापरली की संपली, म्हणून उंदीर कोसळतो. ही शक्ती म्हणजे नेमकं काय, कुठे साठते, कशी मोजायची हे त्याला शेवटपर्यंत दाखवता आलं नाही. आणि हार्मोन संपतं म्हणावं तर बहुतेकांत तसं होतच नाही, अ‍ॅड्रिनल काम करतच राहते. सेल्येचं निरीक्षण टिकलं पण त्याचं कारण टिकलं नाही असं मला वाटतं. नंतर 1990 नंतरच्या काळात ब्रूस मॅक्युअन वगैरे लोकांनी दुसऱ्या बाजूने मांडणी केली, की नुकसान हार्मोन संपल्यामुळे होत नाही, उपाय म्हणून जे सुरू केलं तेच बंद न झाल्यामुळे होतं. साखर चढलेली, प्रेशर चढलेलं, झोप उडालेली, हे चार दिवसांपुरतं कामाचं असतं, चार वर्षं तसंच राहिलं तर तेच आजार.

आणि इम्युनिटीचं तर अजून विचित्र होतं. कॉर्टिसोल सारखंच भोवती असलं की पांढऱ्या पेशी त्याचं ऐकेनाशा होतात. सोसायटीच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा अलार्म रोजच वाजत असला की पंधरा दिवसांनी कुणी गॅलरीतही येत नाही, तसं. 2002 मधे ग्रेगरी मिलर, शेल्डन कोहेन वगैरेंनी कॅन्सर झालेल्या लहान मुलांच्या आईवडिलांचं रक्त तपासलं आणि त्यात डेक्सामेथासोन घालून बघितलं. निरोगी मुलांच्या पालकांत ह्या औषधाने आयएल-6 दाबलं जायचं, ह्यांच्यात तेवढं दाबलं जाईना. म्हणजे कॉर्टिसोल असूनही ब्रेक लागत नाही. आणि ब्रेक लागला नाही की बारीक सूज अंगात कायमची चालू राहते, जिचा संबंध हृदयरोग, मधुमेह ह्यांच्याशी आहे.

म्हणून 'स्ट्रेसने इम्युनिटी कमी होते' हे मला अर्धवट वाटतं. जिथे पटकन सूज यायला हवी, म्हणजे ताजी जखम, नवा व्हायरस, नवी लस, तिथे प्रतिसाद थंड. आणि जिथे सूज नको तिथे ती धुमसत राहते. दोन्ही एकाच बाईच्या अंगात. इम्युनिटी बूस्ट करा म्हणून काढे विकणाऱ्यांना मी विचारते, ह्यातलं नेमकं काय बूस्ट करणार? थोडा वेळचा ताण तर उलट पांढऱ्या पेशींना कामाला लावतो. 2004 मधे सगळ्या अभ्यासांचा, जवळजवळ तीनशे, एकत्र आढावा घेतला गेला त्यात हेच निघालं की काही मिनिटांच्या ताणात काही बाजू वर जातात आणि महिनोन् महिने चाललेल्या ताणात जवळपास सगळंच खाली येतं.

किती दिवसांनी? ह्याचा अंदाज कोहेनच्याच एका वेगळ्या प्रयोगातून येतो. 276 निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या व्हायरसचे थेंब टाकले, मग त्यांना वेगळं ठेवून बघत बसले की कुणाला सर्दी होते. त्याआधी प्रत्येकाची सविस्तर मुलाखत घेतली होती, आयुष्यात काय काय चाललंय ती. एखादा जबरदस्त पण महिन्याच्या आत संपलेला त्रास असेल तर फार फरक पडला नाही. महिना किंवा जास्त चाललेला असेल, विशेषतः बेकारी किंवा घरातल्या माणसाशी चाललेला तंटा, तर सर्दी व्हायचं प्रमाण वाढलं. मरणाचा धक्का, अपघात हे मोठे दिसतात पण ते येऊन जातात, रोजची धुसफूस जात नाही.

सेल्येचं अजून एक म्हणणं पुढे मोडलं ते जॉन मेसन नावाच्या माणसाने. सेल्ये म्हणायचा त्रास कुठलाही असो, उत्तर एकच. मेसननं माकडांना उपाशी ठेवलं तर कॉर्टिसोल चढलं. पण मग त्यांना खाण्यासारख्या दिसणाऱ्या, काही पोषण नसलेल्या गोळ्या दिल्या, तर शरीराची उपासमार चालूच असताना कॉर्टिसोल चढेना. उपाशी असण्यापेक्षा खायला मिळत नाहीये ह्या जाणिवेचं ते होतं. काकूच्या घरी बसून मला हे पटलं. तिचं काम जास्त आहे म्हणून ती पिचली असं नव्हतं, कष्ट ती आयुष्यभर करत आलीये, शेतात, घरात. पण आता दुपारी पडल्या पडल्या कान दाराकडे, रात्री काकांनी कूस बदलली तरी ही उठून बसणार, आणि परवा त्यांनी तिला विचारलं, "बाई तुम्ही कोण, आमची मालती कुठे गेली?" ह्याला वेळापत्रक नाही. कधी होईल सांगता येत नाही आणि आपल्या हातात काही नाही. हे दोन जिथे असतात तिथे पिट्युटरीला विसावा नाही.

आता प्रश्न, काकूची जखम ताणामुळेच भरत नव्हती का? माहीत असलेल्या माणसानं एकदम हो म्हणू नये. नडगीवरची कातडी तशीही रक्ताला गरीब, त्यात सहासष्टचं वय. पहिल्यांदा शुगर बघितली, एचबीए1सी 5.6, म्हणजे ठीक. पायाच्या नसा फुगलेल्या नाहीत, पायाची नाडी लागत होती. पण जेवण? काकांना भरवून झालं की उरलेलं उभ्या उभ्या, भात-आमटी, त्यात प्रोटीन कुठलं. झोप तीन-चार तास आणि तीही तुकड्यांत. ह्या दोन्ही गोष्टी स्वतःच जखम रखडवतात, आणि दोन्ही ताणातूनच येतात, मग कॉर्टिसोलचं किती आणि न जेवण्याचं किती हे एका माणसात वेगळं काढता येत नाही. सरासरीत नऊ दिवस दिसतात, एका पायावर नाही.

मग काकांची बहीण येऊन राहिली, रात्रीचं तिनं धरलं. डॉक्टरांनी कडेची मेलेली कातडी काढून ओलं राहील असं ड्रेसिंग सुरू केलं, रोज पेरॉक्साइड टाकायचं बंद केलं कारण फेस बघायला बरा वाटतो पण नव्या पेशींनाही तो मारतो. दोन अंडी, डाळ, दूध. हळूहळू गुलाबी कडा आत सरकायला लागल्या. कशाने हे विचारू नका, सगळं एकदमच केलं.

ह्या सगळ्यात तिच्या मुलानं ऑनलाइन एक पॅकेज बुक केलं होतं, स्ट्रेस प्रोफाइल, सकाळचं कॉर्टिसोल त्यात. आलं नॉर्मल. घरात सगळे खूश, बघ आई, काही नाही तुला. आता सकाळी एकदा काढलेल्या रक्तावरून काय कळणार, कॉर्टिसोल दिवसभर चढउतार करतं, नुसतं सुई टोचायच्या भीतीनंही वर जातं. दीर्घ ताणाचा परिणाम बऱ्याचदा दिवसाच्या उतारात असतो, सकाळी हवं तेवढं चढत नाही आणि रात्री हवं तेवढं उतरत नाही, आणि ते बघायला दिवसभरात लाळेचे चार-पाच नमुने लागतात, तेही संशोधनात, रोजच्या ओपीडीत नाही. पेशी त्याचं ऐकतायत का हे तर त्या आकड्यात दिसतच नाही. हे ते दुसऱ्या टप्प्याच्या शेवटातल्या उंदरासारखंच, नॉर्मल रिपोर्ट.

ह्याच्या उलटचा धंदाही जोरात आहे, 'अ‍ॅड्रिनल फटीग', तुमच्या ग्रंथी थकल्यात, ह्या गोळ्या घ्या. एंडोक्रायनॉलॉजिस्ट लोक हा आजार मानत नाहीत. ग्रंथी खरंच निकामी होतात तो अ‍ॅडिसन्स डिसीज, आपल्याकडे टीबी हे त्याचं एक जुनं कारण आहे, आणि त्याची लक्षणं वेगळी दिसतात. वजन उतरतं, उठल्यावर चक्कर, मीठ खावंसं वाटतं, हाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडतात. तसं असेल तर गोळ्या मागवत बसू नये, सरळ डॉक्टर गाठावा, ते एसीटीएच टोचून ग्रंथी प्रतिसाद देते का बघतात. आणि दुसरं म्हणजे दम्याला, सांध्यांना महिनोन् महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊन कुणी त्या मनाने एकदम बंद केल्या तर ग्रंथी खरंच झोपलेली असते आणि माणूस कोसळू शकतो. ते एक्झॉशन खरं, बाकी बाजार.

काका मागच्या वर्षी गेले. सगळे म्हणाले, सुटले आणि तिलाही सोडवलं. मी पण म्हणाले असेन. पण ग्लेझर जोडप्यानं 2003 मधे छापलेलं काम माझ्या डोक्यात होतं. त्यांनी डिमेन्शियाच्या पेशंटच्या नवरा किंवा बायकोला सहा वर्षं तपासलं, 119 जणांना, आणि तुलनेला 106 दुसरे. आजाऱ्याचं करणाऱ्यांचं आयएल-6 बाकीच्यांपेक्षा साधारण चौपट वेगानं वाढत होतं. आणि पेशंट वारल्यावर कित्येक वर्षांनीही वाढीचा वेग तसाच होता. त्याआधीच्या त्यांच्या एका अभ्यासात, जोडीदार जाऊन वर्षं झालेल्यांच्या नॅचरल किलर पेशी, म्हणजे व्हायरस शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, अजूनही आजाऱ्याचं करत असलेल्यांइतक्याच मंद निघाल्या होत्या. फ्लूच्या लसीचंही तसंच, करणाऱ्यांच्या अंगात अँटिबॉडी कमी तयार होतात. कमी म्हणजे शून्य नाही, लस घ्यायची ती घ्यायचीच, त्यांनी तर आधी घ्यायची.

म्हणून ह्या मे महिन्यात मी काकूला फोन केला, की पावसाळ्याच्या आधी फ्लूची लस घेऊन टाक.

"आता कशाला गं, आता मी मोकळीच आहे. तेव्हा नाही घेतली ती आता?"

मी तिला नऊ दिवसांचं सांगितलं, चौपटचं सांगितलं, थायमसचं नाही सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती, मधे कुकर बंद करून आली. मग म्हणाली, "बरं, घेते. आणि ऐक, शेजारच्या सुनेला पण विचारते, तिच्या सासऱ्यांचं पण हल्ली तसंच सुरू झालंय, ती पोरगी दिसते धडधाकट पण मला तिचं काही खरं वाटत नाही."